विश्लेषण : पीसीओएसमध्ये वजन घटते, पण किती आणि किती दिवसांत?

‘२१ दिवसांत १० किलो’, ‘पीसीओएस मुळापासून बरा’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. त्यांना भुलून पैसे भरणाऱ्या मुलींची संख्या पालघर-बोईसर पट्ट्यातही कमी नाही. पहिल्या महिन्यात दोन-तीन किलो उतरतात, दुसऱ्या महिन्यात काटा हलत नाही आणि तिसऱ्या महिन्यात ‘माझं शरीरच वेगळं, माझं वजन उतरणारच नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे सोडून दिले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. शरीर अडून बसलेले नसते, दिलेले वेळापत्रकच खोटे असते.

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे (अँड्रोजेन) वाढलेले प्रमाण किंवा त्याची हनुवटीवरील राठ केसांसारखी लक्षणे, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात दिसणाऱ्या अनेक लहान पुटिका या तीनपैकी दोन गोष्टी असतील आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणे नसतील, तर हे निदान होते. केवळ सोनोग्राफीच्या अहवालात ‘पीसीओ’ लिहिले म्हणून आजार ठरत नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील किशोरवयीन व तरुण मुलींची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका निकषाने पीसीओएसचे प्रमाण २२.५ टक्के निघाले, तर अधिक कडक निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच होत्या, फक्त व्याख्या बदलली होती. त्यामुळे आहार बदलण्याआधी निदान नीट झाले आहे का, हे विचारून घेणे गरजेचे आहे.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे नेमके काय?

भात, भाकरी, बिस्किट, साखर यांचे पोटात ग्लुकोज होते आणि ते रक्तात येते. रक्तातून ते स्नायूंच्या पेशीत शिरावे यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. पेशी या निरोपाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, तेव्हा स्वादुपिंड तोच निरोप मोठ्या आवाजात देते, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडते. अनेक वर्षे ही युक्ती चालून जाते. साखरेचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो, पण ती साखर आटोक्यात ठेवण्यासाठी शरीर दुप्पट-तिप्पट इन्सुलिन खर्च करत असते.

खरी अडचण पुढे आहे. स्नायू ऐकेनासे झाले तरी बीजांडकोश इन्सुलिनचे ऐकतच राहतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे तो जास्त टेस्टोस्टेरॉन तयार करतो. त्याच वेळी यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते. बीज परिपक्व होऊन सुटत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस आणि मुरुमे येतात. पोटाभोवती चरबी साठते आणि ती चरबी रेझिस्टन्स आणखी वाढवते. हे चक्र कुठून सुरू झाले याचे उत्तर प्रत्येकीत वेगळे असू शकते. तोडायचे मात्र ते बहुतेकींना एकाच जागी असते, ते म्हणजे इन्सुलिनची गरज कमी करणे.

याची एक खूण आरशात दिसते. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळसर आणि मखमलीसारखी जाड होते. घरात तिला मळ समजून दगडाने, बेसनाने घासले जाते, मुलीला ‘नीट आंघोळ कर’ म्हणून बोलणीही बसतात. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्सुलिनची ती त्वचेवरची नोंद असते. दुसरी खूण कमरेचा घेर. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानला जातो. प्रयोगशाळांच्या पॅकेजमध्ये मिळणाऱ्या ‘फास्टिंग इन्सुलिन’ चाचणीवर मात्र फार विसंबू नये. ही चाचणी पुरेशी भरवशाची नसल्याने २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती नेहमीच्या उपचारात करू नये असेच म्हटले आहे. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी अधिक उपयोगी ठरते.

सडपातळ मुलींनाही हे का होते, याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे भारतीय शरीर आतून जास्त चरबीचे आणि कमी स्नायूंचे असू शकते. दोघेही पुरुष होते आणि विषय पीसीओएसचा नव्हता, पण ‘तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस’ असे म्हणणाऱ्यांना हा फोटो दाखवायला हरकत नाही.

मग इन्सुलिनमुळे चरबी ‘लॉक’ होते का?

समाजमाध्यमांवर हे वाक्य फार लोकप्रिय आहे आणि ते अर्धेच खरे आहे. इन्सुलिन वाढलेले असताना चरबी पेशीबाहेर पडणे मंदावते, हे बरोबर. पण दिवसभराचा हिशेब शेवटी खाल्लेल्या आणि खर्च झालेल्या ऊर्जेवरच ठरतो. सारखाच आहार दिलेल्या पीसीओएस असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांचे वजन साधारण सारखेच घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे. इन्सुलिन रेझिस्टन्समुळे अडते ते दुसरीकडे. जेवणानंतर साखर चढते, मग उतरते, तासा-दोन तासांत पुन्हा काहीतरी गोड किंवा तळलेले खावेसे वाटते, सुस्ती येते, चालणे कमी होते. हिशेबाचा नियम तोच राहतो, पण तो पाळणे जास्त कठीण होते. त्यामुळे जेवणाची रचना अशी हवी की भूकच कमी लागेल. कोणत्या ‘सुपरफूड’चे नाव घेतले याला फारसे महत्त्व नाही. त्याच २०२३ च्या सूचनांमध्ये कोणताही एक आहारप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कीटोही नाही आणि ग्लुटेनमुक्तही नाही.

केळव्याच्या ताटात काय बदलायचे?

एक नमुना घेऊ. केळव्यात राहणारी, तारापूर एमआयडीसीतील कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी २७ वर्षांची मुलगी. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९० सेंटिमीटर. वर्षभरापासून वजन स्थिर आहे, म्हणजे ती जेवढे खाते तेवढेच खर्चही करते. हे गृहीतकाचे उदाहरण आहे, पण या भागातील कोणालाही तिची दिनचर्या ओळखू येईल.

सकाळी सहाला चहा आणि तीन खारी. मग केळवे रोड किंवा पालघर स्टेशन गाठून लोकलने बोईसर, तिथून शेअर रिक्षा. साडेदहाला दुसरा चहा. एकला डबा, त्यात भाकरी आणि बटाट्याची भाजी. साडेचारला कँटीनचा वडापाव आणि चहा. घरी पोहोचून स्वयंपाकाला मदत, आणखी एक चहा आणि रात्री दहाला दिवसातले सर्वात मोठे जेवण, म्हणजे अडीच वाट्या भात, माशाचे कालवण, एखादी तुकडी. मासे असल्याने जेवण ‘पौष्टिक’ समजले जाते. दिवसभराचे गणित पाहिले तर सकाळी जवळजवळ प्रथिने नाहीत आणि रात्री जवळजवळ सगळा भात आहे.

पहिला बदल सकाळचा. खारीऐवजी दोन उकडलेली अंडी आणि एक तांदळाची भाकरी. अंडी न खाणाऱ्यांसाठी मुगाच्या डाळीचे दोन घावन आणि वाटीभर दही. हे अट्टहासाने सकाळीच का? इस्रायलमधील एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या ६० सडपातळ स्त्रियांना ९० दिवस सारख्याच, रोज सुमारे १८०० कॅलरी देण्यात आल्या. एका गटाला सर्वात मोठे जेवण सकाळी होते, दुसऱ्याला रात्री. वजन दोन्हीकडे जवळपास तेवढेच राहिले, पण सकाळी भरपूर खाणाऱ्या गटात इन्सुलिन उतरले आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन जवळपास निम्म्यावर आले. अभ्यास लहान होता आणि त्यातली ९८० कॅलरींची न्याहारी सहाची गाडी पकडणाऱ्या मुलीला शक्य नाही. दिशा मात्र त्यातून कळते.

दुसरा बदल वडापावचा. त्याच्या साधारण ३०० कॅलरींऐवजी मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम फुटाणे. ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने. वडापाव आयुष्यातून काढायची गरज नाही, रोजचा तो आठवड्यातून एकदा झाला तरी पुरे. दिवसाच्या चार चहांतली साखर दोन चमच्यांवरून एकावर.

तिसरा बदल रात्रीचा आणि तो सर्वात अवघड, कारण केळवे-माहीम पट्ट्यात भात म्हणजेच जेवण. भात बंद करण्याचा सल्ला इथे चार दिवसांवर टिकत नाही आणि त्याची गरजही नाही. अडीच वाट्यांऐवजी एक वाटी, आणि तीही शेवटी. आधी भाजी किंवा कोशिंबीर, मग मासळी, मग कालवण-भात. भाजी आणि प्रथिने आधी, पिष्टमय पदार्थ नंतर या क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन कमी चढतात, हे मधुमेहींवरच्या प्रयोगांत दिसले आहे. कमी केलेल्या भाताची जागा आणखी एका तुकडीने भरायची. जेवणाची वेळ दहावरून साडेआठकडे आणता आली तर उत्तम.

मासळी कोणती, यालाही महत्त्व आहे. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. ताजा बोंबील मात्र बहुतांश पाण्याचा असतो, तेवढ्याच वजनात निम्मीही प्रथिने मिळत नाहीत. रवा लावून भरपूर तेलात तळला की ताटात मासा कमी आणि तेल जास्त येते. सुका जवळा याच्या उलट. २५ ग्रॅम जवळ्यात १३-१४ ग्रॅम प्रथिने असतात, फक्त मीठ धुऊन काढावे लागते आणि रक्तदाब असेल तर बेतानेच खावा लागतो. नाचणीच्या भाकरीबद्दलही एक भ्रम आहे. तिच्यात तंतू आणि कॅल्शियम जास्त आहे, पण दळलेले कोणतेही पीठ साखर चढवतेच. तांदळाच्या दोन भाकऱ्यांच्या जागी नाचणीच्या चार खाल्ल्या तर फायदा उरत नाही.

आता बेरीज. खारी गेली, सुमारे २०० कॅलरी वाचल्या. वडापावमध्ये १९०, साखरेत ८०, भातात २९०. वाढल्या त्या अंडी-भाकरीच्या ३१० आणि माशाच्या १००. निव्वळ बचत रोजची साधारण ३५०. उपाशी राहण्याची वेळ एकदाही आली नाही आणि ताटातली प्रथिने वाढली.

मग वर्षात १६ किलो का उतरत नाहीत?

जाहिरातवाले इथेच गणिताचा सोपा पण चुकीचा रस्ता घेतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ३५० वाचवल्या तर महिन्याला सव्वा ते दीड किलो, म्हणून वर्षाला १६ किलो. कागदावर हे बरोबर दिसते. पण वजन उतरते तसे शरीर चालवायला लागणारी ऊर्जाही कमी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचे गणित मांडले. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजची गरज साधारण २२ ते २४ कॅलरींनी कमी होते. पाच किलो उतरले की ३५० पैकी शंभराहून अधिक कॅलरींची बचत आपोआप संपलेली असते, पूर्वीचाच आहार चालू असला तरी.

हॉल यांच्या ठोकताळ्याने ३५० कॅलरींच्या कायमच्या बदलातून शेवटी १४-१५ किलो उतरू शकतात, पण त्याला तीनेक वर्षे लागतात. त्यातला साधारण निम्मा भाग पहिल्या वर्षात उतरतो. म्हणजे या मुलीचे पहिल्या तीन महिन्यांत अडीच-तीन किलो, सहा महिन्यांत साडेचारच्या आसपास, वर्षअखेर सात. हे सर्व नियमित पाळले तर. गणपती, लग्नसराई, आजारपण, डबल शिफ्ट धरली तर पाच-सहा.

ऐकायला हे निराशाजनक वाटते. पण ६८ किलोचे पाच टक्के म्हणजे ३.४ किलो आणि दहा टक्के म्हणजे ६.८. पाळी नियमित होणे, बीज सुटणे, साखर सुधारणे हे फायदे अनेकींमध्ये पाच ते दहा टक्क्यांच्या टप्प्यातच दिसू लागतात. म्हणजे पहिला टप्पा चौथ्या-पाचव्या महिन्यात येतो आणि दुसरा वर्षभरात. डॉक्टर आणि आहारसल्लागारांनी पहिल्याच भेटीत हे कागदावर लिहून द्यायला हवे. तिसऱ्या महिन्यात मंदावणारा काटा हे अपयश नव्हे, ते आधीच सांगता येण्यासारखे गणित आहे, हे माहीत असलेली मुलगी प्रयत्न सोडण्याची शक्यता कमी.

प्रगती मोजायची कशी?

रोजचा काटा इथे फसवतो. पाळीआधी शरीरात पाणी साचून एक-दोन किलो वाढतात. पाळी नियमित असलेलीला हे कळते, पीसीओएस असलेलीला पाळी कधी येणार हेच माहीत नसते. त्यामुळे दोन किलो चरबी उतरूनही काटा महिनाभर जागचा हलत नाही असे होऊ शकते. आठवड्यातून तीन दिवस सकाळी वजन लिहायचे आणि चार आठवड्यांची सरासरी मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडायची. महिन्यातून एकदा कंबर मोजायची, टेप दर वेळी त्याच जागी. आणि कॅलेंडरवर पाळीच्या तारखा. अनेकींमध्ये ९० दिवसांची पाळी ५० दिवसांवर येते आणि मग काटा हलतो. पाळी परतणे म्हणजे गर्भधारणेची शक्यताही परतणे, ही गोष्ट मूल नको असलेल्यांना बऱ्याचदा कोणी सांगत नाही.

आठ आठवड्यांत सरासरी वजनही हलले नाही आणि कंबरही, तर बचत प्रत्यक्षात होत नाही असे समजावे. अशा वेळी पहिला संशय तेलावर घ्यावा. चार जणांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल येते, म्हणजे ३४० कॅलरी. आपल्या नमुन्यातली संपूर्ण बचत जवळपास एवढीच होती. कॅनवर उघडल्याची तारीख लिहून ठेवणे ही यावरची सर्वात स्वस्त चाचणी.

व्यायामाचे काम इथे कॅलरी जाळण्यापेक्षा वेगळे आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज आत ओढतो. रात्रीच्या जेवणानंतर सुरूच्या बनाकडे किंवा गावातल्या रस्त्यावर पंधरा मिनिटे चालणे म्हणूनच उपयोगी, आणि आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचे, उठाबशांचे व्यायाम. रात्रपाळीवाल्यांसाठी हे वेळापत्रक लागू पडत नाही. त्यांनी मोठे जेवण पाळीला जाण्याआधी घ्यावे आणि रात्री दोनच्या कँटीनला फक्त हलके काही, एवढेच साध्य होते.

मर्यादा कुठे?

चेहऱ्यावरचे केस वजनाबरोबर लगेच जात नाहीत, त्याला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ आणि अनेकदा औषधे लागतात. तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी आली नसेल तर आहाराच्या परिणामाची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवे, कारण गर्भाशयाचे अस्तर साचत राहणे धोक्याचे असते. मेटफॉर्मिन इन्सुलिनला मदत करते, पण वजन त्याने थोडेच उतरते. २०२५ मध्ये भारतात आलेली मुंजारो, वेगोवीसारखी इंजेक्शने भूक खूप कमी करतात आणि वजनही जास्त उतरवतात, मात्र बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते आणि गर्भधारणेआधी ती थांबवावी लागतात. सडपातळ पीसीओएसमध्ये वजन घटवण्याचा सल्लाच चुकीचा आहे. तिथे काम जेवणाच्या रचनेचे आणि स्नायूंचे. आणि खाण्याबद्दल सतत अपराधी वाटणे, उपाशी राहून मग अनावर खाणे असे प्रकार पीसीओएसमध्ये जास्त आढळतात. तसे होत असेल तर कॅलरी मोजणे आधी थांबवावे आणि ते डॉक्टरांना सांगावे.